गोंदेश्वर की कंदारिया महादेव: चित्रावरून मंदिर ओळखण्याच्या एका प्रश्नाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिक जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावातील अभ्यासिकेत घडलेले आहे. राज्यसेवा आणि इतिहासाची सेट परीक्षा या दोन्हींची तयारी करणारे काही विद्यार्थी तिथे एकत्र बसत आणि दर आठवड्याला एक सराव प्रश्नपत्रिका सोडवत असत. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षिका महाविद्यालयात प्राचीन भारताचा इतिहास शिकवतात. ज्या विद्यार्थिनीविषयी हे लेखन आहे, तिची सनावळी पक्की होती, राजवंशांची क्रमवारी तोंडपाठ होती आणि लेखी प्रश्नांत ती नेहमी पुढे असे. चित्रावर आधारलेल्या प्रश्नांत मात्र तिचे गुण हमखास जात. व्यक्ती आणि संस्था ओळखू येतील असे तपशील येथे वगळले आहेत.

मंदिरांच्या शैलींसाठी तिने एकेका ओळीच्या टिपणांची वही केली होती. त्यात ‘लहान लहान शिखरांचा समूह म्हणजे खजुराहो’, ‘पायऱ्यापायऱ्यांचे शिखर म्हणजे द्राविड’, ‘ताऱ्यासारखा तलविन्यास म्हणजे होयसळ’ अशी वाक्ये होती. त्यातले एकही वाक्य खोटे म्हणता येणार नाही. अडचण अशी की प्रत्येक वाक्य एखादी शैली ओळखण्यापुरते लिहिलेले होते आणि तिच्या शेजारच्या शैलीपासून ती वेगळी कशी करायची, याचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता. पर्यायांच्या प्रश्नात तर नेमके शेजारच्याच शैलींचे पर्याय दिलेले असतात.

समस्या

एका सराव प्रश्नपत्रिकेत काळ्या-पांढऱ्या छपाईत मंदिराचे एक छायाचित्र होते आणि खाली चार पर्याय होते: खजुराहोचे कंदारिया महादेव मंदिर, सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर, कर्नाटकातील इटगीचे महादेव मंदिर आणि भुवनेश्वरचे लिंगराज मंदिर. छायाचित्र मंदिराच्या मागच्या बाजूने घेतलेले होते, त्यामुळे मंडप शिखराआड गेला होता. शिखराचा माथा चौकटीच्या वरच्या कडेला कापला गेला होता. डाव्या आणि उजव्या कडेला दोन लहान देवळांचे अर्धवट भाग दिसत होते.

विद्यार्थिनीने कंदारिया महादेव हा पर्याय निवडला. शिक्षिकांनी कारण विचारल्यावर ती म्हणाली, “मॅडम, शिखरावर सगळीकडे छोटी छोटी शिखरेच दिसतायत. खजुराहोला तशीच असतात ना?” बरोबर उत्तर गोंदेश्वर होते. लहानपणापासून ती महाशिवरात्रीला अनेकदा त्या देवळात गेली होती, पण दर वेळी समोरून, नंदीमंडपाच्या बाजूने. मागून काढलेले आणि माथा कापलेले तेच देऊळ कागदावर आल्यावर तिला ते अनोळखी वाटले. या गोष्टीचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. प्रत्यक्ष पाहिलेली वास्तू माणसाच्या लक्षात राहते ती प्रवेशद्वार, गर्दी आणि आवार यांच्यासह, आणि परीक्षेतील चित्रात यांपैकी काहीच नसते.

येथे दोन अडचणी एकत्र आल्या होत्या. पहिली म्हणजे उत्तर भारतीय आणि दक्षिण भारतीय मंदिरे वेगळी करण्याची सर्वांत सोपी खूण, म्हणजे माथ्यावरचा आमलक, चित्रात उपलब्ध नव्हता. शिखराच्या टोकाला बसवलेली ही आवळ्यासारखी कंगोरेदार चपटी चकती नागर, म्हणजे उत्तर भारतीय शैलीच्या शिखरावर असते. द्राविड, म्हणजे दक्षिण भारतीय शैलीच्या शिखराला विमान म्हणतात आणि त्याच्या माथ्यावर तिच्या जागी घुमटी असते. दुसरी अडचण अशी की चारही पर्यायांतील मंदिरांच्या शिखरांवर या ना त्या स्वरूपात लहान शिखरे आहेतच. लिंगराजच्या उंच शिखरावरही काही उभ्या पट्ट्यांवर लहान शिखराकृती एकावर एक बसवलेल्या आहेत. म्हणजे ज्या लक्षणावर विद्यार्थिनीने निर्णय घेतला, त्याने एकही पर्याय बाद होत नव्हता.

विचारात घेतलेले पर्याय

उत्तर चुकल्यानंतर अभ्यासिकेत या प्रश्नावर बरीच चर्चा झाली आणि पुढे काय करावे याबाबत तीन सूचना आल्या.

काही विद्यार्थ्यांच्या मते प्रश्नच सदोष होता, कारण माथा कापलेले चित्र देणे अन्यायाचे आहे. असे प्रश्न सोडून द्यावेत. शिक्षिकांना हे मान्य झाले नाही. प्रश्नपत्रिकेत चित्र कसे छापले जाईल यावर परीक्षार्थ्याचा ताबा नसतो, आणि या चित्रात उत्तरापर्यंत पोचण्यासाठी पुरेसे पुरावे होते, हे त्यांनी तिथल्या तिथे दाखवून दिले.

दुसरी सूचना अशी होती की महत्त्वाच्या शंभरेक वास्तूंची छायाचित्रे गोळा करून ती रोज चाळावीत. हा मार्ग लोकप्रिय आहे आणि अगदी निरुपयोगीही नाही. परंतु त्यात पाठ होते ते छायाचित्र. कोन बदलला, प्रकाश बदलला, चौकट बदलली की ओळख सुटते. गोंदेश्वरच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. ज्या विद्यार्थिनीने देऊळ डोळ्यांनी पाहिले होते तिलाही कोन बदलल्यावर ते ओळखता आले नाही, तर चित्रसंग्रह चाळणाऱ्याचे काय होणार, हा शिक्षिकांचा प्रश्न योग्यच होता.

तिसरी सूचना शिक्षिकांची स्वतःची होती. प्रत्येक शैलीचे वर्णन पाठ करण्याऐवजी चित्राला ठरावीक क्रमाने काही प्रश्न विचारायचे आणि प्रत्येक प्रश्न असा निवडायचा की त्याच्या उत्तराने निदान एक पर्याय बाद व्हावा. हा मार्ग सुरुवातीला वेळ खातो, शिवाय त्यासाठी शिखराची रचना खरोखर समजून घ्यावी लागते. तरीही तोच निवडण्यात आला.

केलेली कृती

शिक्षिकांनी त्याच छायाचित्राची मोठी प्रत काढून आणली आणि सोबत कंदारिया महादेव, इटगी आणि लिंगराज यांचीही तेवढ्याच आकाराची चित्रे ठेवली. विद्यार्थिनीला प्रत्येक चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून मऊ पेन्सिलीने फक्त दोन गोष्टी काढायला सांगितल्या. पहिल्यांदा शिखराची बाह्यरेषा काढायची, आणि त्यानंतर शिखराच्या मध्यभागी खालून वर अखंड जाणारी रेषा दिसली तर ती काढायची. मूर्ती, नक्षी, भिंती यांतले काहीही काढायचे नाही, असे त्यांनी बजावले होते.

लिंगराजच्या चित्रावर काढलेली बाह्यरेषा पाहताच तो पर्याय बाद झाला. ओडिशाचे रेखा देऊळ बऱ्याच उंचीपर्यंत जवळजवळ सरळ वर जाते आणि माथ्याजवळ आल्यावर एकदम आत वळते. प्रश्नातील शिखर तळापासूनच हळूहळू निमुळते होत गेलेले होते. लिंगराजच्या शिखराचा पृष्ठभाग बारीक आडव्या थरांचा बनलेला दिसतो आणि मधल्या पट्टीतून सिंहाची आकृती बाहेर झेपावलेली असते. प्रश्नातील चित्रात आडवे थर तर नव्हतेच, उलट लहान शिखरांनी सारा पृष्ठभाग भरून गेला होता.

कंदारियाच्या बाबतीत मात्र ट्रेसिंग पेपरने जे दाखवले ते विद्यार्थिनीला अनपेक्षित होते. तिने बाह्यरेषा काढायला घेतली तेव्हा ती एक सलग वळणदार रेषा होईना. जागोजागी फुगवटे येऊ लागले. याचे कारण कंदारियासारख्या, म्हणजे शेखरी शैलीच्या शिखराच्या रचनेत आहे. तिथे मुख्य शिखराच्या अंगाला तशाच आकाराची लहान शिखरे अर्धी रुतल्यासारखी चिकटलेली असतात, त्यांना उरुशृंगे म्हणतात. मधल्या बाजूची उरुशृंगे मोठी असून एकामागून एक चढत जातात, तर कोपऱ्यांवर आणखी लहान शिखरे उभी असतात. त्यामुळे शेखरी शिखर लांबून पाहिले तरी एकमेकांना टेकलेल्या शिखरांचा गट दिसतो आणि लहान शिखरांचे आकार एकसारखे नसतात. प्रत्येक बाजूच्या मध्यावर एक मोठे उरुशृंग येते, म्हणून खालून वर अखंड जाणारी पट्टी तिथे सापडत नाही.

प्रश्नातील चित्रावर तीच कृती केल्यावर बाह्यरेषा एकसंध आली. शिवाय शिखराच्या मध्यभागी, पायथ्यापासून चित्राच्या वरच्या कडेपर्यंत, एक रुंद उभी पट्टी काढता आली. हीच लता. गोंदेश्वरसारख्या, म्हणजे भूमिज शैलीच्या शिखराच्या चारही बाजूंच्या मध्यावर अशी एकेक लता असते. तिच्यावर गवाक्षांची जाळीदार नक्षी असते आणि तिच्या पायथ्याशी सहसा एक मोठे कमानदार गवाक्ष असते. दोन लतांच्या मधल्या कोपऱ्यात लहान शिखरे रांगेने मांडलेली असतात. त्यांना कूट म्हणतात. प्रत्येक कूट म्हणजे आखूड खांबावर ठेवलेले इटुकले शिखर. कूटांच्या आडव्या ओळी सहसा पाच ते नऊ असतात आणि वर जाताना प्रत्येक ओळीतले कूट आधीच्या ओळीपेक्षा लहान होत जातात. ते एकमेकांवर रेलत नाहीत, की मुख्य शिखराच्या अंगात रुतत नाहीत. पलटण उभी असावी तशा शिस्तीत उभे असतात.

इथे विद्यार्थिनीने एक चांगला प्रश्न विचारला. “म्हणजे लहान शिखरे मोजायची नाहीत, ती कशी उभी आहेत ते बघायचं?” शिक्षिकांनी होकार दिला आणि तिच्या वहीतले खजुराहोचे वाक्य तिलाच दुरुस्त करायला लावले. तिने लिहिले की लहान शिखरे मुख्य शिखराला चिकटून वेगवेगळ्या आकारांची असतील तर शेखरी, आणि उभ्या पट्ट्यांच्या मधे आडव्या ओळींत, प्रत्येक ओळीत सारख्या आकाराची असतील तर भूमिज.

निर्णयाचा खरा कस: इटगी की सिन्नर

दोन पर्याय बाद झाले तरी उरलेले दोन सर्वांत अवघड होते. इटगीचे महादेव मंदिर चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याच्या महादेव नावाच्या सेनापतीने 1112 मध्ये बांधले. गोंदेश्वर यादवकाळातले आहे. काळ जवळजवळ सारखा, दोन्ही राजवंश दख्खनचे, आणि दोन्ही शिखरांवर लहान शिखराकृतींच्या आडव्या ओळी. काळ्या-पांढऱ्या चित्रात दगडाचा रंगही मदतीला येत नाही. एरवी कर्नाटकातील या काळच्या मंदिरांचा मऊ, कोरायला सोपा शिस्ट दगड आणि नाशिककडचा काळा बेसॉल्ट यांत चटकन फरक कळतो.

या ठिकाणी निर्णय द्यायला मध्यरेषाच उपयोगी पडली. इटगीच्या शिखराचा मूळ सांगाडा द्राविड विमानाचा आहे. म्हणजे एकावर एक ठेवलेले, वर जाताना लहान होत जाणारे मजले. प्रत्येक मजल्याची आडवी कड शिखराभोवती फिरते आणि मध्यभागातूनही जाते. मध्यावर नक्षीदार कमानी एकाखाली एक येतात खऱ्या, पण त्या मजल्यामजल्याने तुटत येतात. भूमिज शिखरात कूटांच्या आडव्या ओळी लतेपाशी येऊन थांबतात. लता मात्र कुठेही न तुटता वर जाते. विद्यार्थिनीने दोन्ही ट्रेसिंग शेजारी ठेवली तेव्हा एकात आडव्या रेषा संपूर्ण रुंदीत गेलेल्या होत्या आणि दुसऱ्यात त्या मधोमध खंडित झालेल्या होत्या. प्रश्नातील चित्र दुसऱ्या प्रकारचे होते. इटगी बाद झाले.

एका सापळ्याबद्दल शिक्षिकांनी आवर्जून सावध केले, आणि तो सापळा इथे नोंदवण्यासारखा आहे. कर्नाटकातील चालुक्यकालीन मंदिरांच्या बाहेरच्या भिंतींवर खांबांच्या मधे लहान देवळांच्या प्रतिकृती कोरलेल्या असतात आणि त्यांत नागर शिखरेही असतात. लक्कुंडीच्या काशीविश्वेश्वर मंदिराच्या भिंतींवर हे सहज पाहता येते. भिंतीवरच्या अशा प्रतिकृतीवरून सबंध मंदिराची शैली ठरवली की उत्तर चुकते. म्हणून क्रम असा ठरला की आधी शिखराची बाह्यरेषा पाहायची, मग मध्यरेषा, मग लहान शिखरांची मांडणी, त्यानंतर दिसत असेल तर माथा, आणि भिंत सर्वांत शेवटी.

चित्राच्या कडेला दिसणारी दोन लहान देवळे पुरवणी पुरावा म्हणून वापरण्यात आली. गोंदेश्वर हे पंचायतन आहे: मध्ये शिवाचे मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांत विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य यांची लहान मंदिरे. मागून काढलेल्या चित्रात दोन्ही बाजूंना एकेक लहान देऊळ दिसणे याच्याशी जुळते. परंतु केवळ या खुणेवर निर्णय घेणे धोक्याचे ठरले असते, कारण खजुराहोचे लक्ष्मण मंदिरही पंचायतन आहे आणि लिंगराजच्या आवारात तर लहान देवळांची दाटी आहे. कोणत्या खुणेने पर्याय बाद होतो आणि कोणत्या खुणेने फक्त दुजोरा मिळतो, हा भेद पुढच्या सरावात सतत पाळण्यात आला.

त्यानंतरच्या एका रविवारी अभ्यासिकेतले काही जण सिन्नरला गेले. जवळून पाहताना कूटांची इतकी दाटी दिसते की लता लक्षात येत नाही. आवाराच्या भिंतीपर्यंत मागे सरकून पाहिल्यावर ती स्पष्ट उठून दिसते. छापील चित्रही डोळ्यांपासून थोडे लांब धरले की मुख्य रेषा वर येतात, हे विद्यार्थिनीला तिथे कळले आणि परीक्षेत तिने ही युक्ती वापरली.

परिणाम

पुढच्या सराव परीक्षांमध्ये दोन प्रश्न असे आले की ज्यांत या पद्धतीचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही दिसून आली.

पहिल्यात पट्टदकलच्या पापनाथ मंदिराचे चित्र होते आणि शिखराची शैली विचारली होती. पापनाथच्या भिंती आणि छपराच्या कडेने जाणारी लहान घुमट्यांची ओळ द्राविड वळणाची आहे, तर शिखर वळणदार नागर पद्धतीचे आहे. अभ्यासिकेतल्या बहुतेकांनी भिंतीकडे पाहून द्राविड हे उत्तर दिले. या विद्यार्थिनीने शिखरापासून सुरुवात केली. बाह्यरेषेत मजल्यांच्या पायऱ्या नव्हत्या, म्हणून द्राविड बाद केले. कोपऱ्यांत कूटांच्या ओळी नव्हत्या, म्हणून भूमिज बाद केले. आणि नागर हे बरोबर उत्तर दिले. प्रश्नात ‘मंदिराची शैली’ नसून ‘शिखराची शैली’ विचारली आहे, हेही तिने अधोरेखित केले होते.

दुसऱ्यात औंढा नागनाथचे चित्र होते आणि बांधकामाचा काळ विचारला होता. या मंदिराचा खालचा, शिल्पांनी भरलेला दगडी भाग यादवकाळातला आहे आणि वरचे चुन्याने लिंपलेले पांढरे शिखर पुष्कळ नंतरच्या काळात पुन्हा बांधलेले आहे. क्रमाप्रमाणे तिने शिखर आधी पाहिले आणि उत्तरकालीन पर्याय निवडला. उत्तरतालिकेत यादवकाळ होता. पद्धत शैली ओळखण्यासाठी बसवली होती, काळ ठरवण्यासाठी नाही, आणि शिखर व भिंत एकाच वेळी बांधलेली आहेत हे त्या पद्धतीत न बोलता गृहीत धरलेले होते.

वेगळे काय करता आले असते

औंढ्याच्या प्रश्नानंतर क्रमात अगदी सुरुवातीला एक पायरी घालण्यात आली: भिंत आणि शिखर यांच्या सांध्यावर दगड, रंग किंवा कोरीवकामाची घनता एकाएकी बदलते का ते आधी पाहावे. सांधा दिसला तर दोन्ही भाग स्वतंत्रपणे ओळखावेत आणि प्रश्न कोणत्या भागाविषयी आहे ते पुन्हा वाचावे. महाराष्ट्रातील मंदिरांच्या बाबतीत ही पायरी पहिल्याच दिवशी शिकवायला हवी होती असे माझे मत आहे, कारण आपल्याकडे जुन्या जोत्यावर मराठा काळात चढवलेली शिखरे गावोगाव आहेत.

ट्रेसिंगचा सराव नावे झाकून करायला हवा होता, असेही आता वाटते. चित्राखाली ‘कंदारिया’ लिहिलेले असले की डोळा उरुशृंगे शोधू लागतो. नाव नसले की आधी रेषा पाहाव्या लागतात. नंतरच्या गटाबरोबर शिक्षिकांनी तसेच केले, आणि चित्रेही मुद्दाम मागून, बाजूने, माथा कापून आणि अंधुक छापून दिली.

एक निर्णय मात्र अजून वादाचा आहे. त्या सराव परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण वजा होत असे. इटगी आणि सिन्नर एवढेच पर्याय उरले आणि मध्यरेषा चित्रात दिसत नसेल, तर उत्तर द्यावे की सोडावे? हिशेबाने पाहता दोनांतून एक निवडणे फायद्याचेच ठरते आणि शिक्षिकांचा सल्लाही तोच होता. विद्यार्थिनीने मात्र स्वतःपुरता नियम केला आहे की दोन पर्याय दिसणाऱ्या खुणेने बाद केले असतील तरच ती उत्तर देईल. नाव ओळखीचे वाटले म्हणून बाद केलेला पर्याय ती बाद झाला असे मानत नाही.